काखेतले शंभर आणि कपाळावरचे शंभर

ऑगस्टमधली एक संध्याकाळ. कराडजवळच्या एका घरात तिघांची अंगं गरम आहेत. घर कल्पनेतलं आहे, पण पावसाळ्यात अशी घरं गल्लोगल्ली असतात. चार वर्षांचा थोरला बालवाडीतून ताप घेऊन आला. पाठोपाठ सात आठवड्यांची धाकटी किरकिर करू लागली, आणि दुपारपासून चौऱ्याहत्तर वर्षांचे आजोबा अंथरुणातून उठले नाहीत. साडेसहाला तिघांचा ताप मोजला. थोरल्याचा १०३.१, बाळाचा ९७.९ आणि आजोबांचा ९९.२ भरला. सगळं घर थोरल्याभोवती गोळा झालं.

त्या रात्री दवाखान्यात न्यायची गरज बाळाला आणि आजोबांना होती. थोरल्याला घरीच ठेवून चालण्यासारखं होतं. हे असं उलट का, ते या प्रकरणात पाहायचं आहे. थर्मामीटरवरचा आकडा एकटा काही सांगत नाही. तो शरीराच्या कुठल्या जागेवरून घेतला, कशाने आणि कधी घेतला, आणि माणसाचं वय काय, एवढं कळलं की मगच त्याला अर्थ येतो.

बाळापासून सुरुवात करू, कारण चूक तिथेच झाली. तिचा ताप कपाळासमोर धरायच्या ‘गन’ने मोजला होता. करोनाच्या काळात हे यंत्र दुकानाच्या दारापासून घराच्या फडताळापर्यंत पोचलं. त्यातून काहीतरी किरण अंगात शिरतात असं पुष्कळांना वाटतं, पण तसं काही नसतं. गरम वस्तूतून अवरक्त किरण आपोआप बाहेर पडत असतात. गन कपाळाच्या त्वचेतून येणारे हे किरण टिपते आणि त्यावरून त्वचेचं तापमान काढते. निरोगी माणसाच्या कपाळाची त्वचा शरीराच्या आतल्या भागापेक्षा बरीच थंड असते. म्हणून यंत्र स्वतःच्या हिशोबाने त्या आकड्यात काही अंश मिळवून अंदाज दाखवतं. कपाळ घामाने ओलं असेल, पंख्याचा झोत अंगावर असेल, नुकतीच ओली पट्टी काढली असेल, माणूस उन्हातून आला असेल किंवा गन सांगितलेल्या अंतरापेक्षा लांब धरली असेल, तर तो अंदाज चुकतो. काही गनमध्ये ‘बॉडी’ आणि ‘सरफेस’ असे दोन पर्याय असतात. चुकून दुसरा पर्याय लागलेला असला, तर तापाने फणफणलेल्या माणसाचा आकडाही पंच्याण्णवच्या आसपास दिसू शकतो.

याहून फसवी गोष्ट आपल्याच शरीरात घडते. ताप चढत असताना मेंदूतलं तापमानाचं केंद्र शरीराला उष्णता राखून ठेवायला सांगतं. त्यासाठी त्वचेतल्या रक्तवाहिन्या आक्रसतात, हातपाय गार पडतात आणि हुडहुडी भरते. अशा वेळी आतलं तापमान भराभर वाढत असतं, पण त्वचा मात्र थंड असते. त्या पंधरा-वीस मिनिटांत गन ‘ताप नाही’ म्हणते. त्वचेवरच मोजत असल्याने काखेतला आकडाही थोडा मागे राहतो. म्हणून थंडी वाजत असताना आलेल्या कमी आकड्यावर विसंबू नये. थंडी ओसरल्यावर, अर्ध्या तासाने, पुन्हा मोजावं.

बाळाच्या आजीने गनचा आकडा पाहिला आणि बाळाच्या छातीवर हात ठेवला. “अगं, हिचं अंग चांगलंच तापलंय. ते तुझं यंत्र राहू दे, काखेत लाव.” तिचं म्हणणं ऐकण्यासारखं होतं. ताप किती हे हाताला कळत नाही, आणि हाताला गरम लागलेल्या कित्येक मुलांना ताप नसतोही. पण नेहमी बाळाला हाताळणाऱ्या बाईला अंग गरम लागलं, तर यंत्राने नाही म्हटलं तरी दुसऱ्या यंत्राने मोजायला ते कारण पुरेसं असतं.

दुसरं यंत्र म्हणजे शे-दोनशे रुपयांचं साधं डिजिटल थर्मामीटर. घरात एकच घ्यायचं असेल तर हेच घ्यावं. त्याच्या टोकात एक बारीक घटक असतो. तापमान बदललं की त्याचा विद्युतरोध बदलतो आणि त्यावरून आकडा निघतो. अंदाजाची मिळवामिळवी नसते. टोक जिथे टेकलं तिथलं तापमान ते प्रामाणिकपणे सांगतं. ते नीट टेकवणं मात्र आपल्या हाती असतं.

काखेतलं मोजमाप बहुधा बिघडतं ते घाईमुळे. मोकळी काख हवेने थंड झालेली असते. हात छातीशी मिटल्यावर तिथली त्वचा हळूहळू गरम होत आतल्या तापमानाजवळ जाते, आणि त्याला काही मिनिटं लागतात. थर्मामीटर मात्र आकडा चढायचा वेग मंदावला की बीप देऊन मोकळं होतं. पुष्कळदा ही बीप काख पुरती तापण्याआधीच वाजते. त्यावर सोपा उपाय आहे. काख कोरडी पुसून घ्यायची, झबल्याची बाही मध्ये येऊ द्यायची नाही, आणि हात छातीशी मिटून पाच मिनिटं तसाच ठेवायचा. मग थर्मामीटर सुरू करून त्याचं टोक काखेच्या अगदी खोल खळगीत बसवायचं. ते पाठीमागून बाहेर डोकावता कामा नये. कोपर अंगाशी धरून बीपची वाट पाहायची आणि बीपनंतरही एक मिनिट थांबायचं. बहुतेक साध्या थर्मामीटरमध्ये आकडा तेवढ्यात आणखी थोडा चढतो. चढलेला आकडाच खरा धरायचा.

या रीतीने मोजल्यावर बाळाचा ताप १००.२ भरला. आता एक शंका घ्यावीच लागते. बाळ दुपट्यात घट्ट गुंडाळलेलं होतं, डोक्याला टोपरं होतं. एवढ्या लहान बाळाला स्वतःचं तापमान नीट सांभाळता येत नाही, त्यामुळे जास्त कपड्यांनीही अंग गरम होतं. म्हणून दुपटं आणि टोपरं काढून, एक पातळ झबलं ठेवून, वीस मिनिटांनी पुन्हा मोजलं. या वेळी ९९.९ आला. आकडा उतरला तो फक्त तीन दशांशाने. याचा अर्थ गरमी कपड्यांची नव्हती.

कुणी म्हणेल, शंभरसुद्धा नाही, एवढं काय घाबरायचं? दोन महिन्यांच्या आतल्या बाळासाठी आपल्याकडच्या बालआरोग्य कार्यक्रमाने काखेतली सीमा ३७.५ अंश सेल्सिअस, म्हणजे ९९.५ फॅरनहाइट ठरवली आहे. त्या आकड्याला किंवा त्यापुढे गेलेलं बाळ गंभीर जंतुसंसर्गाच्या संशयाखाली धरलं जातं. तीन महिन्यांपर्यंतच्या बाळाचं गुदद्वारातलं तापमान १००.४ किंवा जास्त भरलं, तर त्याच दिवशी तपासणी हवी, असं जगभरचे बालरोगतज्ज्ञ मानतात. गुदद्वारातलं तापमान आतल्या तापमानाच्या सर्वांत जवळचं असतं, पण ते प्रशिक्षित हाताने घ्यायचं असतं. घरी काखच बरी.

सीमा इतकी खाली असण्याचं कारण बाळाच्या प्रतिकारशक्तीत आहे. ती अजून कच्ची असते. रक्तातला किंवा मेंदूच्या आवरणाचा संसर्ग मोठ्या माणसात १०३-१०४ ताप आणि असह्य डोकेदुखी घेऊन येतो. तोच संसर्ग सात आठवड्यांच्या बाळात कधीकधी शंभराच्या आसपासचा ताप आणि अर्धवट दूध पिणं, एवढ्याच खुणा दाखवतो. काही बाळांत तर तापमान वर न जाता खाली घसरतं. काखेत ३५.५ सेल्सिअस, म्हणजे ९५.९ फॅरनहाइटच्या खाली गेलेलं बाळही तेवढंच धोक्यात असतं. अंग गार आहे म्हणजे बरं आहे, असं या वयात समजू नये.

या बाबतीत महाराष्ट्राकडे अभिमानाने सांगण्याजोगा अनुभव आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं. बाळाचं तापमान घेणं, वजन करणं आणि धोक्याची चिन्हं ओळखणं हा त्या शिक्षणाचा गाभा होता. या कामाचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. पुढे बाळाला घरी जाऊन तपासण्याचं काम देशभरच्या आशाताईंकडे आलं आणि त्यांच्या पिशवीत डिजिटल थर्मामीटर आलं. घरात थर्मामीटर नसेल तर आशाताईंना हाक मारायला संकोच करू नये.

तर, बाळाला त्याच रात्री दवाखान्यात न्यायचं. निघण्याआधी पॅरासिटामॉलचे थेंब द्यायचे नाहीत. त्याने आकडा उतरतो आणि डॉक्टरांसमोर खरं चित्र राहत नाही. शिवाय या वयात मात्रेची चूक महाग पडते. तीन महिने ते सहा महिने या वयात सीमा थोडी सैल होते. तेव्हाही ताप आलेलं बाळ त्याच दिवशी दाखवावं, आणि १०२ ओलांडला तर सकाळची वाट पाहू नये.

आता १०३.१ वाला थोरला. आकड्याने घर घाबरलं ते एका जुन्या भीतीमुळे: ताप डोक्यात जाईल. संसर्गामुळे येणारा ताप मेंदूतल्या केंद्राच्या नियंत्रणाखाली असतो आणि तो सहसा १०६ च्या पुढे जात नाही. १०३ ने मेंदूला इजा होत नाही. सहा महिने ते पाच वर्षं या वयात काही मुलांना तापात झटके येतात. ते पाहताना आईबापांचा जीव जातो, पण बहुतेक झटके काही मिनिटांत थांबतात आणि मागे काही ठेवत नाहीत. मुलाला कुशीवर वळवायचं, तोंडात काहीही घालायचं नाही, घड्याळ पाहायचं. पाच मिनिटांत झटका थांबला नाही तर १०८ ला फोन करायचा. झटका लवकर थांबला तरी पहिलाच असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. झटका येऊ नये म्हणून तापाचं औषध घड्याळ लावून देत राहण्याने तो टळतो, असं दिसलेलं नाही.

पॅरासिटामॉल द्यायचं ते मुलाची तगमग कमी व्हावी म्हणून, आकडा ९८ वर आणण्यासाठी नव्हे. मात्रा वजनावर ठरते. एका वेळी दर किलोला १५ मिलिग्रॅमपर्यंत, दोन मात्रांत निदान चार ते सहा तासांचं अंतर, आणि दिवसभरात चारहून जास्त वेळा नाही. थोरला १६ किलोचा आहे, म्हणजे २४० मिलिग्रॅम. पाच मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम असलेलं सिरप घरात असेल तर ते दहा मिलिलिटर लागेल. २५० वालं असेल तर पाचला थोडं कमी. बाळांसाठीचे थेंब मात्र फार तीव्र असतात, पुष्कळदा एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम. तेच पाच मिलिलिटर दिले तर मात्रा दुपटीहून जास्त होते. म्हणून ‘एक चमचा’ असं कधी मोजू नये. बाटलीवरचा आकडा वाचून मोजपात्राने द्यावं. ताप पावसाळ्यातला आहे आणि डेंग्यूची शक्यता आहे, तेव्हा आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन स्वतःच्या मनाने देऊ नये. त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो.

सात वाजता औषध दिलं. आठला मोजलं तेव्हा १०१.४ होता, अजूनही तापच. पण मुलगा उठून बसला होता, पेज मागत होता आणि आजीला गोष्ट सांगायला लावत होता. तासाभरापूर्वी त्याने लघवीही केली होती. या चार गोष्टी आकड्याहून मोठ्या. उलट १०१ वरच मुलगा मलूल पडून राहिला असता, हाक मारली तरी डोळे उघडत नसता, श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जात असत्या, मान ताठ झाली असती, आठ तासांत लघवी झाली नसती, किंवा दाबल्यावर न विरणारे लाल-जांभळे ठिपके अंगावर दिसले असते, तर आकड्याची वाट न पाहता निघायला हवं होतं. ताप तिसऱ्या दिवसापुढे गेला किंवा १०४ वर गेला तरी दाखवायचं.

डेंग्यूचा ताप आणखी एका बाबतीत फसवतो. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात ताप उतरतो आणि घर निर्धास्त होतं. खरा धोका नेमका तेव्हा सुरू होऊ शकतो. रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरू लागतो आणि रक्तदाब पडतो. थर्मामीटर ९८ दाखवत असतं आणि मुलाचं पोट दुखत असतं, उलट्या थांबत नाहीत, हिरड्यांतून रक्त येतं, हातपाय गार पडतात. तो ९८ चांगला नव्हे.

आजोबांच्या ९९.२ कडे कुणाचं लक्षच गेलं नव्हतं. असं का झालं ते समजायला ९८.६ या आकड्याचा उगम पाहावा लागतो. लाइपझिगचे डॉक्टर कार्ल वुंडरलिश यांनी हजारो रुग्णांच्या काखेत थर्मामीटर लावून नोंदी केल्या आणि १८६८ मध्ये ३७ अंश सेल्सिअस हे निरोगी माणसाचं सरासरी तापमान म्हणून मांडलं. ३७ हा पूर्णांक फॅरनहाइटमध्ये बदलला की ९८.६ होतो. दशांशाचा नेमकेपणा येतो तो या बेरीज-गुणाकारातून. १९९२ मध्ये अमेरिकेत मॅकोविआक यांनी १४८ निरोगी माणसांचं तोंडातलं तापमान मोजलं, तेव्हा सरासरी ९८.२ निघाली. पहाटे सहाच्या सुमारास ती सर्वांत खाली, आणि दुपारी चार ते सहाच्या दरम्यान सर्वांत वर. म्हणजे संध्याकाळचे ९९.२ तरुण माणसात ताप म्हणताही येणार नाहीत.

पण आजोबांचं रोजचं तापमान ९६.८ च्या आसपास असतं. म्हाताऱ्या माणसांत हे नेहमीचं आहे, आणि संसर्ग झाला तरी त्यांना जोराचा ताप येतोच असं नाही. म्हणून वृद्धांसाठी डॉक्टर वेगळा नियम वापरतात: तोंडातला आकडा एकदा जरी १०० च्या वर गेला, किंवा नेहमीच्या पातळीहून दोन अंश फॅरनहाइटपेक्षा जास्त वाढला, तरी तो ताप धरायचा. आजोबा त्यांच्या पातळीहून २.४ वर होते. त्यांनी दुपारी जेवण सोडलं होतं, आज वार कोणता हे दोनदा विचारलं होतं आणि मिनिटाला २६ श्वास घेत होते. त्यांना मधुमेहही आहे. ही न्यूमोनियाची सुरुवात असू शकते. त्यांनाही बाळाबरोबर त्याच रात्री न्यायचं. घरातल्या वडीलधाऱ्यांचा बऱ्या दिवसांतला आकडा, सकाळचा आणि संध्याकाळचा, कॅलेंडरवर लिहून ठेवला असेल तरच ही वाढ दिसते.

धडधाकट प्रौढ माणसाला १०३ ताप आला आणि औषधाने उतरेना, किंवा तीन दिवस झाले, तर दाखवावं. केमोथेरपी चालू असलेल्या माणसाला मात्र १००.४ दिसताच फोन करायचा, मग रात्रीचे दोन का वाजले असेनात. आणि विदर्भातल्या मे महिन्यात उन्हात काम करणारा माणूस १०४ च्या पुढे जाऊन असंबद्ध बोलू लागला, तर तो ताप नव्हे, उष्माघात आहे. तिथे मेंदूचं नियंत्रण सुटलेलं असतं, म्हणून पॅरासिटामॉल चालत नाही. सावलीत आणून अंगावर पाणी ओतायचं, वारा घालायचा आणि लगेच १०८ बोलवायची.

मोठ्यांचा ताप तोंडात मोजणं चांगलं. टोक जिभेखाली मागच्या बाजूला, ओठ मिटलेले, आणि चहा घेऊन अर्धा तास झालेला. कानातलं यंत्रही मोठ्यांना ठीक आहे. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या कानाची नळी अरुंद असते, त्यांना ते वापरू नये. जुनं पाऱ्याचं थर्मामीटर अचूक असतं, पण फुटलं की पाऱ्याची वाफ घरात राहते, म्हणून ते आता नको. आपलं थर्मामीटर खरं सांगतंय का, हे पाहायला वाटीभर कोमट पाण्यात शेजारच्यांचं आणि आपलं डिजिटल थर्मामीटर एकत्र धरावं. दोघांत चार दशांशाहून जास्त फरक पडला तर एक बाद आहे. पडद्यावर बॅटरीची खूण दिसत असेल तर आधी ती बदलावी. काखेच्या आकड्यात मनाने एक अंश मिळवून डॉक्टरांना सांगू नये. जागा आणि आकडा जसाच्या तसा सांगावा, बाकीचा हिशोब ते करतील.

त्या घरातून बाळाबरोबर डॉक्टरांकडे गेलेल्या चिठ्ठीवर एवढंच होतं: ‘बाळ, ७ आठवडे. काख, डिजिटल. ६.४५ ला १००.२, कपडे सैल करून ७.०५ ला ९९.९. दूध निम्मं. औषध दिलेलं नाही.’ तुमच्या घरी ताप आला की अशी चिठ्ठी लिहा, आणि तीन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर ती लिहीत असतानाच कुणाला तरी गाडी काढायला सांगा.